लासलगाव, वाशी आणि मधली तफावत

नाशिकच्या द्वारका चौकात दोन मोठे रस्ते फुटतात. मुंबई-आग्रा रस्ता इगतपुरी आणि कसारा घाटातून मुंबईकडे उतरतो, तर नाशिक-पुणे रस्ता सिन्नर, संगमनेरवरून पुण्याला जातो. निफाड, येवला, चांदवड भागातल्या कांद्याचा मोठा वाटा याच परिसरातून पुढे सरकतो. लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतला लिलावात घेतलेला माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर निवडला जातो, गोण्यांत भरला जातो, ट्रकमध्ये चढतो आणि इथून मुंबईच्या वाशी नाहीतर पुण्याच्या गुलटेकडी बाजाराच्या वाटेला लागतो. तो कोणत्या वाटेला लागणार, किंवा मुळात आज निघणार की नाही, हे दोन बाजारांतल्या भावांच्या फरकावर ठरते. अर्थशास्त्रात को-इंटिग्रेशन नावाची जी कल्पना आहे, तिचा खरा आधार या ट्रकच्या निर्णयात आहे.

प्रश्न साधा वाटतो. लासलगावचा भाव आणि वाशीचा भाव एकमेकांशी बांधलेले आहेत का? बांधलेले असतील तर किती घट्ट? आणि त्यांच्यात अंतर पडले तर ते भरून काढायला कोणता भाव हलतो?

पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर म्हणून दोन्ही भावांचे आलेख एकावर एक ठेवावेत, दोन वर्षांच्या आकड्यांचा सहसंबंध काढावा आणि तो ०.९ च्या वर आला की बाजार जोडलेले आहेत असे म्हणावे, असे कोणालाही वाटेल. हे उत्तर चुकीचे आहे. निष्कर्ष कदाचित खरा निघेलही, पण त्या आकड्याने तो सिद्ध होत नाही. कारण बाजारभावांच्या स्वभावात आहे. लासलगावचा उद्याचा भाव म्हणजे ढोबळमानाने आजचा भाव अधिक उद्याची नवी बातमी. आवक वाढली, पाऊस पडला, दिल्लीहून मागणी आली, की भाव नव्या जागी जातो, आणि पुढच्या दिवसाचा प्रवास त्या नव्या जागेवरून सुरू होतो. परत यावे असे त्याचे ठरलेले घर नसते. अशा मालिकेला संख्याशास्त्रात अस्थिर मालिका म्हणतात. बातम्या साठत जातात आणि मालिका लांब लांब चढ-उतार करत भटकते. एकमेकींशी काडीचा संबंध नसलेल्या अशा दोन मालिका घेतल्या, तरी काही महिने दोघी चढत्या किंवा दोघी उतरत्या असण्याची शक्यता भरपूर असते, आणि तेवढ्यावर सहसंबंध फुगतो.

उडनी यूल या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९२६ सालीच हे दाखवले होते. इंग्लंडमधला मृत्युदर आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या पद्धतीने लागणाऱ्या लग्नांचे प्रमाण यांचा १८६६ ते १९११ या काळातला सहसंबंध त्याने काढला, तो ०.९५ च्या आसपास निघाला. दोन्ही आकडे त्या काळात घसरत होते, एवढेच त्यांच्यातले नाते. पुढे १९७४ मध्ये क्लाइव्ह ग्रेंजर आणि पॉल न्यूबोल्ड यांनी संगणकावर परस्परांशी संबंध नसलेल्या भटक्या मालिका तयार केल्या आणि एकीवरून दुसरीचे रिग्रेशन केले. नेहमीच्या कसोट्या बहुतेक वेळा ‘संबंध आहे’ असे ठामपणे सांगत राहिल्या.

यावर त्या काळी रूढ उपाय होता तो असा, की भाव घेऊच नयेत, रोजचे बदल घ्यावेत. काल १,५०० होता, आज १,५४० आहे, तर ४० लिहावे. बदलांच्या मालिका स्थिर असतात, त्यामुळे खोटा संबंध दिसण्याचा धोका जातो. पण या उपायात एक मोलाची गोष्ट हातची निसटते. आज वाशीत ३० रुपये वाढले आणि लासलगावात २० वाढले, एवढे कळते; आत्ता दोन्ही भावांमध्ये अंतर किती आहे आणि ते नेहमीपेक्षा जास्त आहे का, हे मात्र कळत नाही. ट्रक भरणारा व्यापारी तर नेमके तेच पाहत असतो. कालपासून भाव किती हलला याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. इथे घेऊन तिथे विकताना भाडे, हमाली, घट वजा जाऊन काही उरते का, याच्याशी आहे.

ब्रिटनमधले काही अर्थशास्त्रज्ञ, त्यांत डेनिस सार्गन १९६४ पासून आणि नंतर डेव्हिड हेंड्री, आपल्या समीकरणांत बदलांबरोबर हे ‘अंतर’ही घालत होते. ग्रेंजरला ते पटत नव्हते. दोन भटक्या मालिकांची वजाबाकी स्थिर येऊ शकते हे हेंड्रीचे म्हणणे चुकीचे आहे असे त्याला वाटले, आणि ते खोडून काढायला तो बसला. सिद्ध झाले ते उलटे: वजाबाकी स्थिर येऊ शकते. शिवाय ती तशी आली, तर त्या मालिकांमध्ये अंतर भरून काढणारी यंत्रणा असावीच लागते. ही मांडणी रॉबर्ट एंगल आणि ग्रेंजर यांच्या १९८७ च्या लेखात पूर्ण झाली. २००३ च्या अर्थशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात ग्रेंजरचा वाटा याच कामासाठी होता.

म्हणजे कल्पना अशी. लासलगावचा भाव भटकतो, वाशीचाही भटकतो. पण दोघांमधली तफावत जर भटकत नसेल, एका ठरावीक पातळीभोवतीच वर-खाली होऊन परत येत असेल, तर दोन मालिका को-इंटिग्रेटेड आहेत. भाव कुठे जाणार हे यातून कळत नाही. ते दोघे मिळून जाणार, एवढे कळते.

तफावतीची ‘ठरावीक पातळी’ कशी ठरते, हे सूत्रात मांडून पाहू:

वाशी = क + ख × लासलगाव + उरलेला फरक

भाव क्विंटलला रुपयांत धरले, तर क मध्ये कांद्याच्या भावावर न ठरणारे खर्च येतात: गोणी, हमाली, ट्रकभाडे. कांदा ८०० रुपये असो वा ४,०००, द्वारकेवरून वाशीपर्यंतच्या डिझेलला तेवढेच पैसे लागतात. भावाच्या प्रमाणात वाढणारे खर्च ख मध्ये येतात. वाटेत आणि निवडीत शंभरातले चार-पाच किलो गेले, तर तेवढ्या मालाची किंमत भावाबरोबर वाढते. टक्क्यांत घेतल्या जाणाऱ्या फी आणि अडतीचेही तसेच. म्हणून ख हा १ पेक्षा किंचित जास्त यावा अशी अपेक्षा असते. तो ०.४ किंवा १.९ असा काही आला, तर बाजाराबद्दल मोठा शोध लागला असे मानण्याआधी आकडेवारी पुन्हा तपासावी.

आता कसोटी. दोन्ही भाव खरोखर भटके आहेत का, हे आधी डिकी-फुलर चाचणीने पाहतात. मग वरच्या सूत्राचे रिग्रेशन करून ‘उरलेला फरक’ काढतात आणि त्याच फरकावर पुन्हा तीच चाचणी लावतात. फरक स्थिर ठरला, तर नाते खरे. यात एक बारकावा आहे आणि नवखे विद्यार्थी तिथे नेमके फसतात. एका साध्या मालिकेवर ही चाचणी लावताना पाच टक्क्यांची सीमा सुमारे उणे २.८६ असते. रिग्रेशनमधून काढलेल्या फरकाला मात्र ती चालत नाही. दोन मालिकांसाठी सुमारे उणे ३.३४ लागते. कारण रिग्रेशनने क आणि ख निवडतानाच उरलेला फरक शक्य तितका लहान केलेला असतो, त्यामुळे नाते नसतानाही तो स्थिर असल्यासारखा दिसू लागतो. तेवढा गैरफायदा काढून टाकण्यासाठी सीमा कडक केलेली आहे. याउलट, ख म्हणजे १ हे आपण आकडे न पाहता आधीच ठरवले आणि सरळ वाशी उणे लासलगाव अशी वजाबाकी घेतली, तर आपण काही निवडलेले नसते आणि उणे २.८६ पुरते. उणे ३.१ असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ फरक कसा मिळवला यावर अवलंबून असतो.

नाते आहे असे ठरल्यावर खरा रंजक भाग सुरू होतो, तो एरर करेक्शन मॉडेलचा. इथे ‘एरर’ म्हणजे कालच्या तफावतीने नेहमीच्या पातळीपासून घेतलेले अंतर. प्रत्येक बाजारासाठी एकेक समीकरण लिहायचे: आजचा बदल = वेग × कालचे अंतर + अलीकडच्या बदलांचे परिणाम + नवी बातमी. दोन बाजारांचे दोन वेग मिळतात, आणि सगळी गोष्ट त्या दोन आकड्यांत असते.

एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू. यातले आकडे समजण्यासाठी गोल घेतलेले आहेत. समजा ख १ आहे आणि नेहमीची तफावत ४०० रुपये. लासलगावात १,५००, वाशीत १,९००. सगळे जागच्या जागी. एके दिवशी वाशीत आवक अचानक कमी होते आणि भाव २,२०० होतो. लासलगाव अजून १,५०० वरच आहे. तफावत ७०० झाली, म्हणजे नेहमीपेक्षा ३०० जास्त. समजा आकडेवारीतून वाशीचा वेग उणे ०.१० आणि लासलगावचा अधिक ०.१५ असा निघाला आहे. नवी बातमी नाही आणि अलीकडच्या बदलांचे परिणामही सोडून दिले, तर दुसऱ्या दिवशी वाशी ३०० च्या दहा टक्के, म्हणजे ३० रुपयांनी उतरते आणि लासलगाव पंधरा टक्के, म्हणजे ४५ रुपयांनी चढते. अंतर ३०० वरून २२५ वर येते. तिसऱ्या दिवशी याच हिशेबाने ते सुमारे १६९, मग १२७, मग ९५. रोज पाव भाग मिटतो, तीन-चतुर्थांश उरतो. निम्मे अंतर मिटायला साधारण अडीच दिवस लागतात.

या दिवसांत रस्त्यावर काय घडत असते? वाशीतला चढा भाव फोनवर लासलगावला पोचतो. खळ्यावरचे व्यापारी जास्त ट्रक भरू लागतात, लिलावात बोली वाढवतात, म्हणून लासलगाव चढते. ते ट्रक कसारा उतरून वाशीत पोचतात, तिथली आवक भरते, म्हणून वाशी उतरते. समीकरणातले दोन वेग म्हणजे या दोन कृतींची मोजमापे आहेत.

हे सगळे शमल्यावर भाव कुठे स्थिरावतात? वाशी एकूण १२० रुपये उतरून २,०८० वर येते, लासलगाव एकूण १८० चढून १,६८० वर. तफावत पुन्हा ४००. पण दोघेही जुन्या जागी परतलेले नाहीत. तीनशे रुपयांच्या धक्क्यातले १८० रुपये कायमचे दोन्ही भावांत मुरले. हे १८० कुठून आले? दोन वेगांच्या बेरजेतला, म्हणजे ०.२५ मधला, लासलगावचा वाटा ०.१५, म्हणजे साठ टक्के. लासलगाव जितके जास्त जुळवून घेते, तितका वाशीत उठलेला धक्का जास्त टिकतो. उलटा धक्का घ्या: बातमी लासलगावात उठली आणि तिथला भाव ३०० ने चढला, तर तिच्यातले चाळीस टक्के, म्हणजे १२० रुपये, कायम राहतील. जो भाव कमी हलतो तो पुढारी. एखाद्या बाजाराचा वेग शून्यच निघाला, तर तो बाजार तफावतीची दखल घेत नाही आणि सगळी जुळवाजुळव दुसऱ्याला करावी लागते. ‘भाव कुठे ठरतो, लासलगावात की मुंबईत?’ हा नाशिक जिल्ह्यात नेहमी होणारा वाद अशा रीतीने मोजता येतो. कुठे माल जास्त येतो किंवा कोणता बाजार मोठा, यावरून तो सुटत नाही.

याच जागी घाईने कारण-परिणाम जोडण्याचा मोह होतो. दोन्ही भाव तिसऱ्याच्या मागे चालत असतील, समजा दिल्लीच्या आझादपूर बाजाराच्या किंवा निर्यातीच्या मागणीच्या, तरीही ते आपसात को-इंटिग्रेटेड दिसतील. द्वारकेवरून वाशीकडे एकही ट्रक गेला नाही तरी. म्हणून पुण्याचा आणि दिल्लीचा भाव घालून पाहावे लागते. तीन-चार मालिका एकत्र तपासण्यासाठी सोरेन योहान्सेन या डॅनिश संख्याशास्त्रज्ञाची १९८८ ची पद्धत वापरतात. तिच्यात मालिकांमध्ये अशी स्वतंत्र नाती किती आहेत, हेही कळते. तीन बाजार पूर्णपणे जोडलेले असतील, तर दोन नाती सापडायला हवीत.

पण पद्धतीपेक्षा आकडेवारीच जास्त वेळा दगा देते, आणि कांद्याच्या बाबतीत तर हटकून. लासलगावात शेतकऱ्याचा कांदा ट्रॅक्टर-ट्रॉलीत किंवा पिकअपमध्ये मोकळा येतो आणि तसाच लिलावाला लागतो. वाशीत पोचतो तो निवडलेला, गोणीत भरलेला. एकीकडे सगळा माल, दुसरीकडे वरचा माल. ज्या हंगामात पावसाने कांदा खराब केला, त्या हंगामात निवडीत जास्त माल बाजूला पडतो आणि तफावत फुगते, तरी बाजार तुटलेले नसतात. शिवाय ‘सर्वसाधारण दर’ या एका आकड्यात एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा असतो आणि नोव्हेंबरमध्ये लाल. चाळीत साठवलेला उन्हाळ आणि शेतातून नुकताच आलेला लाल एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या भावांनी विकले जातात. लासलगावचा लाल आणि वाशीचा उन्हाळ अशी जोडी लागली, तर मॉडेल मन लावून दोन निराळ्या वस्तूंची तफावत मोजत बसेल. मी अशा अभ्यासात पहिली गोष्ट हीच पाहतो, की लेखकाने वाणाप्रमाणे आकडे वेगळे केले आहेत का. ते नसेल तर पुढची कोष्टके वाचण्यात फारसा अर्थ नाही.

दुसरी अडचण बंद दिवसांची. रविवार, सण, अमावास्येला लिलाव न करण्याची पूर्वीची प्रथा, हमालांचा किंवा व्यापाऱ्यांचा बंद. दोन्ही बाजारांचे बंद दिवस जुळत नाहीत. रिकाम्या दिवशी आदल्या दिवसाचा भाव भरण्याची सवय अनेकांना असते. वाशी चालू आणि लासलगाव बंद असताना असे केले, तर आकड्यांत वाशी आधी हलल्यासारखी आणि लासलगाव मागून धावत आल्यासारखे दिसते. वाशीला मग न कमावलेले पुढारीपण मिळते. दोन्ही बाजार चालू असलेले दिवसच घ्यावेत किंवा आठवड्याची सरासरी घ्यावी. आठवड्याच्या सरासरीत मात्र आपल्या उदाहरणातले अडीच दिवसांचे अर्धे मिटणे दिसेनासे होते. मिटण्याचा वेग रोजचा असेल तर आकडेही रोजचेच लागतात.

तिसरी गोष्ट मॉडेलच्या रचनेतली. अंतर ३०० असो की ३०, रोज पाव भाग मिटतो असे साधे मॉडेल मानते. पण ३० रुपयांसाठी कोणी जादा ट्रक भरत नाही. तफावत एका पट्ट्याच्या आत असेपर्यंत काहीच होत नाही आणि पट्ट्याबाहेर गेली की दुरुस्ती जोरात सुरू होते. अशी उंबरठ्याची मॉडेले नॅथन बाल्क आणि थॉमस फोम्बी यांनी १९९७ मध्ये मांडली. साध्या मॉडेलने दुरुस्तीचा वेग फार कमी दाखवला, तर बाजार सुस्त आहे असे म्हणण्याआधी हे पाहावे, की बहुतेक दिवस तफावत पट्ट्याच्या आतच तर नव्हती. पट्ट्यातले स्वस्थ दिवस आणि बाहेरचे धावपळीचे दिवस यांची सरासरी काढली की दोन्हींपैकी कोणाचेच खरे चित्र उरत नाही.

आणि मग येते सरकारी धोरण. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली. ती उठली ४ मे २०२४ रोजी, तीही टनाला ५५० डॉलरच्या किमान निर्यातमूल्यासह आणि ४० टक्के शुल्क लावून. निर्यातीचा दरवाजा बंद झाला की त्या वाटेचा माल देशातल्या बाजारांकडे वळतो. दोन्ही भाव एकदम खाली येतात आणि त्यांचे आलेख आणखीच समांतर दिसतात. पण नाते तेच राहिले की बदलले, हे समांतर आलेखावरून ठरत नाही. बंदीच्या अलीकडचे आणि पलीकडचे आकडे एकत्र घालून चाचणी केली, तर तफावतीची पातळी मध्येच सरकलेली असल्यामुळे चाचणी बहुधा ‘नाते नाही’ असे सांगेल. प्रत्यक्षात आधी एक नाते होते, नंतर दुसरे झाले. ॲलन ग्रेगरी आणि ब्रूस हॅन्सन यांनी १९९६ मध्ये अशा मध्ये तुटलेल्या नात्यासाठी वेगळी चाचणी दिली आहे. आपल्याला इथे तारीख आधीच माहीत आहे, त्यामुळे त्याहून सोपी वाट घेता येते: बंद पडलेल्या लिलावांचे दिवस काढून टाकावेत आणि दोन्ही कालखंडांचे क, ख आणि दोन वेग वेगवेगळे काढावेत.

मग प्रत्येक आकडा वेगळे काही सांगतो. फक्त क बदलला असेल, तर माल नेण्याचा खर्च किंवा मधला नफा बदलला, बाजार मात्र पहिल्यासारखेच जोडलेले आहेत. लासलगावचा वेग वाढला आणि वाशीचा शून्याकडे गेला, तर निर्यातीचे गिऱ्हाईक गेल्यावर लासलगावला मुंबईच्या भावाशी जास्त जुळवून घ्यावे लागले, म्हणजे भाव ठरवण्यातले त्याचे वजन घटले. आणि दोन्ही वेग शून्याजवळ गेले असतील, तर तफावत वाढूनही द्वारकेवरून जादा ट्रक निघाले नाहीत. तेव्हा ते का निघाले नाहीत, याचा शोध समीकरण सोडून खळ्यावर आणि ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात घ्यावा लागतो.